व्हॉट्सॲपवर ‘Waiting for this message’ का येतं, आणि अडकलेला मजकूर नंतर मिळतो का?

सांगलीत विश्रामबागेकडे माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. नवा फोन घेतलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हमखास हीच तक्रार घेऊन परत येतं. त्यातल्या बऱ्याच जणांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं, ‘ॲप काढून परत टाक, होईल नीट.’ हा सल्ला ऐकायचा नाही. का ते खाली येईलच, पण हे वाचून होईपर्यंत तरी ॲप अनइन्स्टॉल करू नका.

लक्षणं नीट ओळखा

एखाद्या चॅटमध्ये मेसेज आल्याचं दिसतं, वेळही दिसते, पण मजकुराच्या जागी फिकट अक्षरांत हे वाक्य असतं:

```
Waiting for this message. This may take a while.
```

फोनची भाषा मराठी असेल तर याच अर्थाचं वाक्य मराठीत दिसतं. संगणकावर व्हॉट्सॲप उघडलं असेल तर शेवटी ‘Check your phone’ असं येतं. बऱ्याचदा याच्या आसपास त्या चॅटमध्ये आणखी एक ओळ असते, समोरच्याचा security code बदलल्याची. ती दिसली तर कारण जवळपास कळलंच म्हणायचं.

यासारख्या दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी वेगळ्या आहेत. फोटो धूसर दिसतो आणि त्यावर डाउनलोडचा बाण आहे, तर मेसेज आलेला आहे, फक्त फोटोची फाईल उतरायची राहिली आहे. तिथे नेट किंवा फोनमधली जागा बघायची. मेसेज डिलीट केल्याचं लिहिलं असेल तर पाठवणाऱ्याने तो स्वतः काढलाय. आणि तुमच्या आवृत्तीवर हा मेसेज चालत नाही असं ॲप सांगत असेल, तर अपडेट करा आणि विषय संपवा. खालचं सगळं फक्त ‘Waiting’ वाल्या मेसेजसाठी आहे.

आत नेमकं काय झालेलं असतं

व्हॉट्सॲपचा प्रत्येक मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि तुमच्या फोनमध्ये उघडतो. त्याची किल्ली तुमच्या फोनमध्ये तयार होते आणि तिथेच राहते. मधल्या सर्व्हरकडे ती नसते, त्यामुळे कंपनीलासुद्धा तो मजकूर वाचता येत नाही. 2016 पासून सगळ्या चॅट असंच काम करतात.

ॲप काढून परत टाकलं किंवा नवा फोन घेतला की जुनी किल्ली जाते आणि नवी तयार होते. गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपमधून चॅट परत येतात, पण जुनी किल्ली परत येत नाही. मग जुन्या किल्लीसाठी बंद केलेला एखादा मेसेज वाटेत असेल, तर तो नव्या फोनवर पोचतो पण उघडत नाही. त्या जागी ‘Waiting’ दिसतं.

त्याच क्षणी तुमचा फोन गुपचूप एक काम करतो. ‘हे मला उघडलं नाही, माझी नवी किल्ली घे आणि पुन्हा पाठव’ असा निरोप तो पाठवणाऱ्याच्या यंत्राकडे धाडतो. ते यंत्र चालू असेल, नेटवर असेल आणि त्याच्याकडे तो मेसेज अजून असेल, तर ते नव्या किल्लीने बंद करून मजकूर परत पाठवतं. पाठवणाऱ्या माणसाला वेगळं काही करावं लागत नाही, त्याला हे घडल्याचं कळतही नाही.

म्हणजे मजकूर नंतर येऊ शकतो, आणि बहुतेक वेळा येतोच. पण ते तुमच्या फोनपेक्षा पाठवणाऱ्याच्या यंत्रावर जास्त अवलंबून असतं. लोक आपलाच फोन रिस्टार्ट करत बसतात, आणि इलाज असतो पुण्यात कुणाच्यातरी खिशात.

तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

आधी नेट बघा. व्हॉट्सॲप उघडून थोडा वेळ समोर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी एक मेसेज पाठवायला सांगा. तो नीट आला तर तुमचं नेट आणि तुमची नवी किल्ली दोन्ही ठीक आहेत. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ आपोआप ठेवलेली आहे का, तेही पाहा. बॅटरी पूर्ण उतरून पडून राहिलेल्या जुन्या फोनमध्ये तारीख चुकलेली सापडते, आणि मग ॲप सर्व्हरशी जोडलंच जात नाही. याला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात.

मग विचारा, हे फोनवर दिसतंय की फक्त संगणकावर? फक्त संगणकावर असेल तर काळजी नको. व्हॉट्सॲपला जोडलेल्या प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी असते. फोन आणि त्याला जोडलेली जास्तीत जास्त चार यंत्रं, या सगळ्यांसाठी पाठवणाऱ्याचा फोन तोच मेसेज वेगवेगळा बंद करून पाठवतो. एखाद्याची प्रत बिघडली तरी बाकीच्यांची नीट असते. फोन हातात घ्या, मजकूर तिथे असेल. संगणकावरही हवा असेल तर फोनवर व्हॉट्सॲप उघडं ठेवून थोडं थांबा. तरी आला नाही तर फोनच्या Linked devices मधून संगणक काढा आणि क्यूआर कोडने पुन्हा जोडा. जोडताना फोन अलीकडच्या चॅट संगणकाला स्वतः पुरवतो, त्यात हाही मेसेज येतो. मात्र हा मार्ग संगणकापुरताच आहे. फोनवर मजकूर नसेल तर संगणक पुन्हा जोडून तो कुठून येणार?

फोनवरही ‘Waiting’ असेल तर पाठवणाऱ्याला साधा फोन लावा. मेसेज नको, फोन लावा. त्यांना एवढंच सांगा की नेट चालू करून व्हॉट्सॲप उघडा आणि थोडा वेळ उघडं ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. कारण वर सांगितलंच आहे, तुमच्या फोनचा निरोप त्यांच्या यंत्राला मिळायला हवा. काही फोन बॅटरी वाचवायला ॲप मागे झोपवून ठेवतात, म्हणून नुसता फोन चालू असून भागत नाही, ॲप समोर उघडायला लावा.

इथे एक प्रश्न न विसरता विचारा: ‘तुम्ही तो मेसेज मोबाईलवरून पाठवला होता की दुकानातल्या संगणकावरून?’ अडत दुकानं, पतसंस्था, शाळा, क्लास अशा ठिकाणी सगळं संगणकावरूनच पाठवतात. मग तुमच्या फोनचा निरोपही त्या संगणकाकडे जातो. पाठवणाऱ्याने खिशातला मोबाईल कितीही वेळा उघडला तरी उपयोग होईलच असं नाही. तो संगणक चालू होऊन त्यावर व्हॉट्सॲप उघडायला हवं.

ग्रुपमध्ये तर याहून सोपं आहे. ग्रुपमध्ये पाठवणाऱ्याने आपली त्या ग्रुपसाठीची किल्ली प्रत्येक सदस्याच्या यंत्राला आधी दिलेली असते. तुम्ही फोन बदललात तर ती तुमच्याकडे राहत नाही, म्हणून एकट्या तुम्हालाच ‘Waiting’ दिसतं आणि बाकीचे तोच मेसेज निवांत वाचत असतात. त्यातल्या कुणालाही तो फॉरवर्ड करायला सांगा. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं. कृष्णेचं पाणी वाढत असताना, आयर्विन पुलाजवळची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे निघालेली असताना, गल्लीच्या ग्रुपवरचा मेसेज उघडायची वाट बघत कुणी बसू नये. शेजाऱ्याला हाक मारून विचारा काय लिहिलंय ते.

यानंतर अपडेट. प्ले स्टोअरमध्ये जाऊन व्हॉट्सॲपसमोर Update दिसतंय का बघा आणि पाठवणाऱ्यालाही बघायला सांगा. फार जुनी आवृत्ती हेही या घोळाचं एक कारण असतं. अपडेट केल्याने किल्ली बदलत नाही, चॅटही जात नाहीत, त्यामुळे हे बिनधास्त करा. फक्त Update च्या शेजारीच Uninstall चं बटण असतं, तिकडे बोट जाऊ देऊ नका.

एवढं करूनही मजकूर आला नाही तर पाठवणाऱ्याला तोच मेसेज पुन्हा पाठवायला सांगा. याने दोन कामं होतात. मजकूर मिळतो आणि निदानही होतं. नवा मेसेज नीट उघडला, तर तुमच्यात आणि त्यांच्यात नवी जोडणी झालेली आहे आणि फक्त तो एक जुना मेसेज मागे राहिलाय. त्यासाठी फोनमध्ये आणखी काही खटपट करायची नाही. त्यांचा नवा मेसेजसुद्धा ‘Waiting’ म्हणूनच येत असेल आणि बाकी सगळ्यांचे नीट येत असतील, तर घोळ त्यांच्या यंत्रात आहे. आणि सगळ्यांचेच नवे मेसेज तसे येत असतील, तर घोळ तुमच्या फोनमध्ये आहे.

फक्त या शेवटच्या प्रकारात ॲप काढून परत टाकायचा विचार करायचा. तेसुद्धा आधी बॅकअप घेऊन, आणि त्या बॅकअपची तारीख आजची आहे हे डोळ्यांनी बघून. कारण परत टाकलं की पुन्हा नवी किल्ली होते. त्या वेळी वाटेत असलेले आणखी मेसेज ‘Waiting’ होऊ शकतात, आणि त्याच मेसेजसाठी पाठवणाऱ्याकडून येत असलेलं उत्तरही निकामी होऊ शकतं. एक मेसेज उघडण्यासाठी ॲप काढणं म्हणजे दुखणं वाढवणं आहे.

एक केस, चार मेसेज

तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार काका रविवारी दुपारी दुकानात आले. शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन ट्रॅक्टरवरून पडून बंद पडला होता. रविवारी सकाळी नवा फोन घेतला, तेच सिम घातलं, बॅकअप घेतला. जुन्या चॅट सगळ्या आल्या. पण शनिवारच्या रात्रीचे चार मेसेज ‘Waiting’ होते: पुण्याच्या मेहुणीचा, पाणीवाटपाच्या ग्रुपवरचा, बेदाण्याच्या अडत दुकानातून आलेला आणि एका औषध विक्रेत्याचा. काकांचा जीव अडतीच्या मेसेजमध्ये अडकला होता, कारण त्यात सौद्याची पट्टी होती, किती बॉक्स गेले आणि काय दराने गेले त्याची.

चारही मेसेजचं कारण एकच. ते पाठवले तेव्हा जुना फोन बंद होता, म्हणून जुन्या किल्लीने बंद होऊन सर्व्हरवर थांबले होते. न पोचलेला मेसेज तिथे 30 दिवसांपर्यंत राहतो. रविवारी नव्या फोनने खातं चालू केल्यावर ते इकडे आले आणि उघडले नाहीत.

मेहुणीला फोन लावला. त्या गाडीत होत्या, नेट बंद होतं. त्यांनी नेट लावून व्हॉट्सॲप उघडलं आणि काका काउंटरपाशी उभे असतानाच तो मेसेज उघडला. काकांना वाटलं, घंटी वाजेल, खाली नवा मेसेज येईल. तसं होत नाही. मजकूर त्याच जुन्या जागी भरला जातो, शनिवारच्या रात्रीच्या वेळेखाली. मधे पन्नास मेसेज झाले असतील तर वर जाऊन बघावं लागतं. ‘आला नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा मेसेज वर येऊन पडलेला असतो.

ग्रुपचा मेसेज त्यांच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने फॉरवर्ड केला. पाण्याची पाळी कधी ते कळलं, काम झालं.

अडत दुकानात फोन लावला तर दिवाणजी म्हणाले, ‘मी व्हॉट्सॲप उघडूनच बसलोय, काका.’ तरी मजकूर येईना. मी विचारलं, पट्टी कशावरून पाठवली? दुकानातल्या संगणकावरून, आणि रविवारी दुकान बंद. काकांना सांगितलं की ॲपला हात लावू नका, उद्या दुकान उघडेपर्यंत थांबा. पैशाचा विषय असल्यामुळे दिवाणजींनी आकडे तोंडीही सांगितले आणि काकांनी वहीत लिहून घेतले. सोमवारी सकाळी तिकडे संगणक चालू झाला आणि पट्टी त्या जागी उघडली. आकडे वहीशी ताडून पाहिले, बरोबर होते.

औषध विक्रेत्याचा मेसेज मात्र आलाच नाही, आणि येणारही नव्हता. त्याचा फोन त्याच रविवारी बिघडला आणि दुरुस्तीवाल्याने तो फॅक्टरी रिसेट केला. शनिवार रात्रीचा मेसेज त्याच्या बॅकअपमध्ये नव्हता. पाठवणाऱ्याकडेच प्रत उरली नाही तर परत पाठवायला काहीच नसतं. फवारणीचं प्रमाण त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतलं.

कधी आशा सोडायची

ॲपने ‘This may take a while’ म्हटलंय, पण किती वेळ ते सांगितलेलं नाही, आणि तशी ठरलेली मुदत नाहीच. म्हणून वेळेपेक्षा पाठवणाऱ्याची परिस्थिती बघायची. त्याने तो मेसेज किंवा चॅट काढून टाकली असेल, खातं बंद केलं असेल, फोन रिसेट झाला असेल, तर तो मजकूर गेला असं धरून चाला. चॅटमध्ये आपोआप नाहीसे होणारे मेसेज लावलेले असतील तरीही घड्याळ चालू असतं. तिथे 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस अशी मुदत असते, आणि ती संपल्यावर पाठवणाऱ्याकडची प्रतही जाते.

माझा नेम असा आहे. पाठवणाऱ्याने योग्य यंत्रावर, नेट लावून, ॲप उघडलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंतही मजकूर आला नाही, तर वाट बघणं सोडून पुन्हा पाठवायला सांगायचं. मेसेज पैशाचा, औषधाच्या डोसाचा किंवा कोर्टाच्या तारखेचा असेल तर पहिल्या तासातच फोन करून विचारायचं. आणि ‘Waiting’ असलेली जागा डिलीट करू नका. ती राहिली म्हणून काही बिघडत नाही, आणि उत्तर आलं तर ते तिथेच येतं.

कधी थांबायचं आणि कुणाकडे जायचं

तुमच्या फोनवरचा ‘Waiting’ मेसेज कोणताही दुरुस्तीवाला उघडून देऊ शकत नाही. मीही नाही. किल्लीशिवाय तो उघडत नाही आणि किल्ली विकत मिळत नाही. यासाठी कुणी पैसे मागत असेल, संगणकाला फोन जोडून ‘रिकव्हर’ करून देतो म्हणत असेल, तर उठून चालू लागा.

दुरुस्तीवाल्याकडे जायचं ते दोनच प्रसंगी. एक, पाठवणाऱ्याचा फोन बंद पडलाय आणि मजकूर फक्त त्यातच आहे. त्यांनी चांगल्या कारागिराकडे जाऊन आधीच सांगायचं, ‘डिस्प्ले किंवा बॅटरी बदला, पण रिसेट मारू नका.’ फोन जसाच्या तसा चालू झाला तर मेसेज त्यात असतोच. दोन, तुमच्या फोनवर सगळ्यांचेच नवे मेसेज ‘Waiting’ येतात आणि ॲप परत टाकूनही येत राहतात. तेव्हा ॲपच्या Settings मधल्या Help मधून व्हॉट्सॲपला कळवा, आणि फोनची साठवण बिघडली आहे का ते कारागिराला तपासू द्या.

तिसरा प्रसंग वेगळाच आहे, आणि तो अंगावर घेऊ नका. कुणी फोन करून म्हणालं, ‘तुमचा मेसेज अडकलाय, सोडवण्यासाठी आलेला सहा आकडी कोड सांगा’ किंवा ‘Linked devices मध्ये हा कोड टाका’, तर तो तुमचं खातं पळवतोय. खऱ्या ‘Waiting’ मेसेजसाठी कधीच कोड लागत नाही. फोन ठेवा, Linked devices उघडा, ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर लगेच काढा. Settings मधल्या Account मध्ये जाऊन Two-step verification लावा. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाताना तोच फोन, काहीही डिलीट न करता, सोबत न्या.